चौकटीतील मजकूर आणि कोपऱ्यातील तारीख
एका छायाचित्रावरून सॉफ्टवेअरचा दोष कसा शोधला जातो?

प्रतिनिधी, नागपूर

सकाळी साडेदहाची वेळ. मस्कासाथमधील एका किराणा ठोक विक्रेत्याच्या गल्ल्यावर गिऱ्हाइके उभी असतात आणि बिल काही केल्या निघत नाही. 'सेव्ह'चे बटण दाबले की संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीतील एक चौकट येते. 'ओके' म्हटले की संपूर्ण कार्यक्रमच बंद पडतो. दुकानदार खिशातून मोबाइल काढून त्या चौकटीचे छायाचित्र घेतो आणि पंधरा वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या गृहस्थांना पाठवून देतो. सोबत एकच ओळ असते : 'भाऊ, काल रात्रीपर्यंत बिले निघत होती, आज एकही निघत नाही. लवकर बघा.'

सॉफ्टवेअर दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रसंग नित्याचाच आहे. इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ या भागांतील अनेक दुकानांत अशी स्थानिक पातळीवर लिहून घेतलेली बिलांची सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालत आली आहेत आणि त्यांचा निर्माता बहुतेक वेळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्याच्या हाती येते ते केवळ एक छायाचित्र. त्यावरून रोगाचे निदान कसे करतात, हे पाहण्यासाठी असाच एक प्रसंग नमुन्यादाखल येथे घेतला आहे. दुकान, व्यक्ती आणि बिलांचे क्रमांक उदाहरणापुरते आहेत. तारखा समजण्यास सोप्या जाव्यात म्हणून ऑगस्ट २०२४ मधील धरल्या आहेत. संगणकाने दिलेला संदेश, त्यातील आकडे आणि त्यामागील कारण मात्र तंतोतंत खरे आहे. अशी चूक आजही कुठल्याही दुकानात घडू शकते.

चौकटीत काय लिहिले होते?

पहिल्या छायाचित्रात फक्त चौकट होती. बाकीचा पडदा दुकानदाराने 'अनावश्यक' म्हणून कापून टाकला होता. चौकटीतील मजकूर असा :

```
Run-time error '-2147217913 (80040e07)':

The conversion of a varchar data type to a datetime
data type resulted in an out-of-range value.
```

खाली 'OK' हे एकमेव बटण. सामान्य माणूस या मजकुरातील पहिली ओळ सोडून देतो आणि दुसरी समजत नाही म्हणून सोडून देतो. जाणकार मात्र दोन्ही ओळी शब्दशः वाचतो.

'Run-time error' ही शब्दरचना आणि त्यापुढे अवतरणचिन्हात दिलेला आकडा ही व्हिज्युअल बेसिक ६ या १९९८ साली आलेल्या भाषेची ओळख आहे. त्या भाषेत लिहिलेले कार्यक्रम आजच्या विंडोजवरही चालतात, आणि लहान व्यापाऱ्यांकडील बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते अजून मोठ्या प्रमाणावर आढळतात. एकच बटण असणे याचा अर्थ हा तयार करून दिलेला कार्यक्रम आहे. निर्मात्याच्या स्वतःच्या संगणकावर हीच चौकट आली असती तर तेथे 'Debug' हे आणखी एक बटण दिसले असते आणि ते दाबून दोषाच्या नेमक्या ओळीवर जाता आले असते. दुकानात ती सोय नाही. जे काही कळायचे ते या दोन वाक्यांतूनच.

आता त्या अक्राळविक्राळ आकड्याकडे वळू. '-2147217913' आणि कंसातील '80040e07' हे दोन वेगळे आकडे नाहीत. एकच संख्या दोन पद्धतींनी लिहिली आहे, एकदा दशमान पद्धतीने आणि एकदा संगणकाच्या सोळा अंकी पद्धतीने. दशमान आकडा लक्षात ठेवण्याचे काहीही कारण नाही. दुसरा मात्र वाचता येतो. त्यातील पहिला '8' सांगतो की काम फसले आहे. त्यानंतरचा '004' हा त्रुटी कोणत्या कुळातील आहे ते सांगतो, आणि शेवटचा '0e07' हा नेमका प्रकार. माहितीसाठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, बोलणाऱ्या विंडोजच्या घटकाकडून येणाऱ्या त्रुटी '80040e' ने सुरू होतात. उदाहरणार्थ '80040e4d' आला तर पासवर्ड किंवा वापरकर्त्याचे नाव नाकारले गेले असे समजावे. '80040e37' म्हणजे मागितलेला तक्ताच सापडला नाही. '80040e14' म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञेच्या वाक्यरचनेतच खोट आहे. '80040e07' चा अर्थ असा की, दिलेले मूल्य हव्या त्या प्रकारात बदलता आले नाही.

एवढ्यावरून बरेच काही वगळता येते. डेटाबेसचा सर्व्हर बंद नाही, कारण त्याने उत्तर दिले आहे. जोडणी तुटलेली नाही. पासवर्ड बरोबर आहे. व्हायरसचा संशय धरून संगणक पुसून काढण्याचेही कारण नाही. दुकानदाराने तोवर शेजारच्या तंत्रज्ञाला बोलावले होते आणि त्याने नेमका हाच सल्ला दिला होता, ही बाब येथे नमूद करावीशी वाटते.

'मर्यादेबाहेर' म्हणजे काय?

दुसरे वाक्य डेटाबेसचे स्वतःचे आहे. ते म्हणते की, अक्षरांच्या रूपात आलेला मजकूर तारखेत रूपांतरित करताना निघालेले मूल्य मर्यादेबाहेर गेले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तारखेसंबंधी दोन सारख्या दिसणाऱ्या तक्रारी आहेत आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. मजकूर तारखेसारखा दिसतच नसेल, म्हणजे तारखेच्या जागी कुणी नाव किंवा भलतीच अक्षरे लिहिली असतील, तर 'Conversion failed when converting date and/or time from character string' असा संदेश येतो. येथे तो आलेला नाही. 'out-of-range' चा अर्थ असा की, मजकुराचा आकार तारखेचाच होता, दिवस-महिना-वर्ष असे तीन भागही होते. परंतु त्यांपैकी एखादा आकडा दिनदर्शिकेत बसत नव्हता.

असे होण्याची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे अस्तित्वात नसलेला दिवस, जसे ३१ जून. दुसरे म्हणजे वर्ष लिहिताना झालेली चूक. एसक्यूएल सर्व्हरचा हा जुना तारीखप्रकार १७५३ सालापूर्वीची तारीख स्वीकारतच नाही, त्यामुळे २०२४ ऐवजी ०२०४ असे टंकले गेले तरी हाच संदेश येतो. (१७५३च का, असे अनेकांना वाटते. ब्रिटनने आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका १७५२ च्या सप्टेंबरमध्ये स्वीकारली. त्यानंतरचे पहिले पूर्ण वर्ष १७५३. पंधराव्या लुईच्या काळातील हिशेब मस्कासाथमध्ये कोणी ठेवत नसल्याने ही मर्यादा कुणाला बोचत नाही.) तिसरे कारण म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल. तेरावा महिना दिनदर्शिकेत नाही.

या तिघांपैकी कोणते, हे चौकटीच्या छायाचित्रावरून सांगता येत नाही. म्हणून निर्मात्याने उलट निरोप धाडला : 'शेठजी, फक्त चौकटीचा नको, अख्ख्या स्क्रीनचा फोटो पाठवा. खालची पट्टीसुद्धा दिसू द्या.'

खालच्या पट्टीतील पुरावा

दुसरे छायाचित्र आले आणि प्रकरण जवळजवळ तेथेच उलगडले. चौकटीच्या मागे बिलाचा अर्ज दिसत होता. बिल क्रमांक १५०९. तारखेच्या रकान्यात '13/08/2024'. म्हणजे दिवस अस्तित्वात आहे, वर्षही बरोबर आहे. पहिली दोन कारणे बाद झाली. आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाखाली, विंडोजने स्वतःची तारीख अशी दाखवली होती :

```
10:34 AM
8/13/2024
```

आपल्याकडे विकला जाणारा आणि नीट बसवलेला संगणक तेथे '13-08-2024' असे दाखवतो. आधी महिना, मग दिवस आणि मध्ये तिरपी रेघ ही अमेरिकी पद्धत आहे. याचाच अर्थ, या संगणकावर विंडोज टाकताना देश विचारणाऱ्या पानावर कोणीतरी काही न बदलता 'नेक्स्ट' दाबत गेले होते. विंडोजच्या अमेरिकी इंग्रजी प्रतीत वेळ व चलन दाखवण्याची पद्धत आपोआप अमेरिकी निवडलेली असते आणि ती आठवणीने बदलावी लागते. विचारणा केल्यावर दुकानदाराने सांगितले की, गल्ल्यावरचा संगणक ५ ऑगस्टला, सोमवारी, नवा आणला. मागच्या खोलीत मुनीमजी वापरतात तो जुनाच आहे आणि त्यावर काही अडचण नाही.

आता दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. त्यासाठी कार्यक्रमाच्या आत काय घडते ते थोडे समजून घ्यावे लागेल. बिलाच्या अर्जावर तारीख दाखवण्याचा नमुना निर्मात्याने स्वतः ठरवून दिलेला असल्याने तेथे ती नेहमी दिवस-महिना-वर्ष अशीच दिसते. गिऱ्हाइकाच्या हाती पडणारे छापील बिलही त्याच अर्जावरून निघते. परंतु तीच तारीख डेटाबेसकडे पाठवताना कार्यक्रम तिचे अक्षरांत रूपांतर करतो आणि त्या वेळी तो विंडोजला विचारतो, 'या संगणकावर तारीख कशी लिहितात?' पूर्वीचा संगणक '13-08-2024' असे उत्तर देत असे. नवा '8/13/2024' असे देतो. डेटाबेसला मात्र निर्मात्याने सुरुवातीलाच बजावून ठेवले आहे की येणारी प्रत्येक तारीख आधी दिवस, मग महिना अशी वाचावी. पंधरा वर्षांपूर्वी त्याने लिहिलेल्या ओळी अशा :

```
SET DATEFORMAT dmy

"INSERT INTO Bill (BillNo, BillDate) VALUES ("
  & BillNo & ", '" & BillDate & "')"
```

डेटाबेस '8/13/2024' हा मजकूर आज्ञेनुसार वाचतो : दिवस ८, महिना १३. तेरावा महिना नसल्याने तो हात वर करतो. चौकटीतील वाक्याचा संपूर्ण अर्थ एवढाच.

जे छायाचित्रात दिसत नव्हते

बहुतेक ठिकाणी चौकशी येथेच थांबते. विंडोजमधील देश बदलला जातो, बिल निघते आणि सर्वजण आपापल्या कामाला लागतात. अनुभवी माणूस मात्र या टप्प्यावर एक साधा प्रश्न विचारतो. संगणक ५ तारखेला आला. मग चौकट १३ तारखेला का आली? ५ ते १२ या काळात बिले निघत होती ती कशी?

उत्तर गणिती आहे आणि अस्वस्थ करणारेही. ५ ऑगस्टला नव्या संगणकाने '8/5/2024' असे पाठवले. डेटाबेसने ते वाचले ८ मे २०२४. ही तारीख दिनदर्शिकेत आहे, म्हणून त्याने कोणतीही तक्रार न करता ती नोंदवून घेतली. ६ ऑगस्टची बिले ८ जूनच्या नावाने जमा झाली, ७ ऑगस्टची ८ जुलैच्या. ८ ऑगस्टची बिले तेवढी योग्य जागी पडली, कारण दिवस आणि महिना दोन्ही आठच. ९ ऑगस्टची बिले ८ सप्टेंबरला गेली, १० ची ८ ऑक्टोबरला. ११ ला रविवारची सुटी होती. १२ ऑगस्टची बिले तर ८ डिसेंबर २०२४ या, तेव्हा अजून उजाडायच्याच असलेल्या, तारखेस नोंदली गेली. १३ तारखेला पहिल्यांदा अशी तारीख आली की जी उलटी करून वाचताच येत नाही, आणि तेव्हा कुठे संगणक बोलला.

म्हणजे चौकट दिसली त्या दिवशी काहीच चुकीचे नोंदले गेले नाही. चूक झाली ती चौकट न दिसलेल्या दिवशी.

ही केवळ अटकळ आहे की वस्तुस्थिती, हे दुकानात न जाताही तपासता येते. दूरध्वनीवर विचारायचा प्रश्न असा : 'मागच्या आठवड्यात रात्रीचा रोजमेळ जुळत होता का?' निदान बरोबर असेल तर उत्तर काय यायला हवे, हे आधीच सांगता येते. रोजमेळाची यादी काढतानाही हा संगणक तारीख उलटीच पाठवतो. ५ ऑगस्टची यादी मागितली की डेटाबेस ८ मेची यादी देतो, आणि तीत ५ ऑगस्टला चुकून तेथे पडलेली बिले असतात, शिवाय खरोखरच ८ मे रोजी झालेली बिलेही असतात. म्हणून ५, ६ आणि ७ ऑगस्टला यादीची बेरीज गल्ल्यातील रकमेपेक्षा जास्त भरली पाहिजे. ८ तारखेला ती आपोआप जुळली पाहिजे. ९, १० आणि १२ तारखेलाही जुळली पाहिजे, कारण सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या त्या तारखांना दुसरे काहीच नोंदलेले नाही.

दुकानातील मुलाने सांगितले ते असेच. पहिले तीन दिवस यादीत जुनी बिले येत होती, ती त्याने पेन्सिलीने खोडली. गुरुवारपासून सर्व सुरळीत झाले, म्हणून त्याने कुणाला काही सांगितले नाही. एखादा दोष आपोआप 'बरा' झाला की लोक त्याचा विषय सोडून देतात. निदान करणाऱ्यासाठी मात्र तो कोणत्या दिवशी बरा झाला हेच सर्वांत मोलाचे असते. बिघडलेल्या संगणकाला नेमकी ८ तारीखच सुटी घेण्यासाठी सापडावी, हे अन्य कोणत्याही कारणाने समजावून सांगता येत नाही.

कराच्या विवरणपत्रापर्यंत

या अदलाबदलीचा फटका केवळ रोजमेळापुरता राहत नाही. वस्तू व सेवा कराखाली दरमहा भरावयाचे विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावे लागते. जुलैचे विवरणपत्र ११ ऑगस्टला देय होते. मुनीमजींनी ते १० ऑगस्टला मागच्या खोलीतील संगणकावर तयार केले. त्या संगणकाची तारीख व्यवस्थित असल्याने त्याने डेटाबेसकडे १ ते ३१ जुलै अशी यादी बिनचूक मागितली आणि डेटाबेसने ती बिनचूक दिलीही. फक्त त्या यादीत ७ ऑगस्टची सोळा बिले ८ जुलैच्या नावाने येऊन बसली होती. दोष गल्ल्यावरील संगणकाचा, परिणाम मात्र निर्दोष संगणकावरून निघालेल्या कागदावर.

हे त्या वेळी लक्षात येण्यासारखे होते का? होते. जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात महिन्यात दिलेल्या बिलांचा पहिला व शेवटचा क्रमांक द्यावा लागतो. जुलैची बिले साधारण १३६० च्या आसपास संपत असताना मध्येच १४२२ ते १४३७ हे क्रमांक दिसले, तर शंका यावयास हवी. परंतु सॉफ्टवेअर हा तक्ता स्वतःच भरते आणि तो कोणी क्वचितच डोळ्यांखालून घालतो.

जुलै २०२४ च्या करकाळापासून जीएसटीआर-१ए या नमुन्यात त्याच महिन्याचे विवरणपत्र दुरुस्त करण्याची सोय झालेली आहे. मात्र ती त्या महिन्याचे जीएसटीआर-३बी भरण्यापूर्वीच वापरता येते. जीएसटीआर-३बीची मुदत महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते. १३ ऑगस्टला दोष उघड झाल्याने हाती आठवडाभराचा अवधी होता. हीच चौकट आणखी दहा दिवसांनी गांभीर्याने घेतली असती तर दुरुस्ती पुढील महिन्याच्या विवरणपत्रात करावी लागली असती. कोणत्या बिलाचे काय करायचे हा करसल्लागाराचा प्रांत आहे. सॉफ्टवेअरवाल्याने त्याला खऱ्या तारखांसह बिलांची यादी काढून द्यायची असते.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

सर्वप्रथम करावयाची गोष्ट म्हणजे एक गोष्ट न करणे. अशा प्रसंगी गल्ल्यावरील मंडळींना एक हमखास युक्ती सुचते : संगणकाची तारीख मागे नेऊन १२ करायची. चौकट खरोखर नाहीशी होते आणि बिल निघते. ते जाऊन पडते ८ डिसेंबरला. त्यामुळे निर्मात्याचा पहिला निरोप 'बिले हाताने फाडा, संगणकाला हात लावू नका' असा होता आणि तो योग्यच होता.

त्यानंतर डेटाबेसची प्रत काढून ठेवायची आणि नुकसान किती ते मोजायचे. यासाठी तारखेनुसार शोध घेऊन उपयोग नाही, कारण तारखाच खोट्या आहेत. बिलांचे क्रमांक मात्र खरे आहेत. ते ओळीने वाढत जातात.

```
SELECT BillNo, BillDate FROM Bill
WHERE BillNo >= 1380 ORDER BY BillNo
```

ही यादी पडद्यावर आली की डोळ्यांना वेगळे काही सांगावे लागत नाही. १३८५ पर्यंत तारखा ऑगस्टच्या चालत येतात. १३८६ ला एकदम ८ मे, १४०३ ला ८ जून, १४२२ ला ८ जुलै. क्रमांक पुढे जात असताना तारीख मागे गेली, मग १४३८ ला ऑगस्टमध्ये आली आणि १४५६ पासून भविष्यात शिरली. ५ ते १२ ऑगस्टदरम्यान क्रमांक १३८६ ते १५०८ अशी १२३ बिले झाली होती. त्यांपैकी ८ तारखेची १८ बिले सोडली तर १०५ बिलांची तारीख चुकली होती.

ती बदलताना एक खड्डा टाळावा लागतो. '८ मे म्हणून नोंदलेली सर्व बिले ५ ऑगस्टची करा' अशी आज्ञा दिली तर ८ मेची खरी बिलेही ऑगस्टमध्ये ओढली जातील आणि तो गोंधळ मूळ गोंधळापेक्षा वाईट असेल. म्हणून आज्ञा क्रमांकावरच द्यायची, आणि प्रत्येक दिवसाची सीमा छापील बिलांच्या दुसऱ्या प्रतीवरून पडताळून घ्यायची. छापील बिलावर तारीख बरोबर असल्याने या प्रकरणात कागद संगणकापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

```
UPDATE Bill SET BillDate = '20240805'
WHERE BillNo BETWEEN 1386 AND 1402
```

येथे तारीख '20240805' अशी सलग लिहिली आहे ती हौस म्हणून नव्हे. वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे मध्ये कोणतेही चिन्ह न घालता लिहिले की एसक्यूएल सर्व्हर ते नेहमी एकाच रीतीने वाचतो. देश कोणता, आज्ञा कोणती, याचा त्यावर परिणाम होत नाही. अनेकांना वाटते की '2024-08-13' हा आंतरराष्ट्रीय नमुना तितकाच सुरक्षित आहे. तो येथे सुरक्षित नाही. डेटाबेसला 'आधी दिवस' अशी आज्ञा दिलेली असताना या जुन्या तारीखप्रकारात तो मजकूर वर्ष-दिवस-महिना असा वाचला जातो आणि पुन्हा तीच चौकट समोर येते. कार्यक्रमाच्या मूळ ओळीत कायमची दुरुस्ती करायची ती याच रीतीने : विंडोजला काही न विचारता तारीख स्वतःच आठ आकड्यांत लिहून पाठवायची.

```
Format(BillDate, "yyyymmdd")
```

विंडोजमधील देशाची निवड बदलणे हे तात्पुरते पण तातडीचे काम. त्यासाठी विंडोजचे बोधचिन्ह असलेली कळ आणि 'R' एकत्र दाबून intl.cpl असे टंकले की तारखेच्या नमुन्यांची चौकट उघडते; तेथे 'English (India)' निवडून बिलाचा कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू करायचा. हे केल्याबरोबर आणखी एक दूरध्वनी हमखास येतो, हे जाणकारांना ठाऊक असते : 'भाऊ, मागच्या आठवड्याची सगळी बिले उडाली!' ती उडालेली नसतात. आतापर्यंत नोंदवणारा आणि शोधणारा संगणक एकाच रीतीने चुकत असल्याने ती सापडत होती; शोधणारा सुधारला आणि ती दिसेनाशी झाली. म्हणून तारखांची दुरुस्ती होईपर्यंत यादी काढू नये, असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

छायाचित्र घेताना

वरील प्रकरणात निकाल लागला तो पडद्याच्या कोपऱ्यातील आठ-नऊ अक्षरांवरून, आणि पहिल्या छायाचित्रात नेमका तोच भाग कापला गेला होता. त्यामुळे संपूर्ण पडदा दिसेल असे एक आणि चौकट वाचता येईल असे एक, अशी दोन छायाचित्रे पाठवणे केव्हाही चांगले. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले की ते आकाराने लहान केले जाते आणि '8', 'b' व '0' यांतील भेद पुसट होतो. '80040e07' मधील एक अक्षर चुकले तर निदान भलतीकडे जाते. तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. त्याहून सोपा उपाय फारसा कुणाला ठाऊक नाही. विंडोजची साधी संदेशचौकट समोर असताना Ctrl आणि C दाबले की तिच्यातील संपूर्ण मजकूर उचलला जातो आणि कुठेही चिकटवता येतो. अर्थात चौकटीमागे गिऱ्हाइकांची नावे, त्यांचे कर क्रमांक आणि उधारीचे आकडे दिसत असतात. असे छायाचित्र व्यापाऱ्यांच्या सामूहिक गटावर टाकू नये. ज्याला दाखवायचे त्यालाच पाठवावे.

प्रत्येक चौकट इतकी बोलकी असते, असेही नाही. 'The memory could not be read' असे सांगणाऱ्या चौकटीत फक्त स्मृतीतील पत्ते असतात आणि छायाचित्रावरून त्यांचा काही उलगडा होत नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील संगणकांवर निळा पडदा आला, भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या छायाचित्रांत तळाशी 'csagent.sys' हे नाव वाचता येत होते. ती फाइल क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची, हे त्यावरून कळले आणि सुमारे ८५ लाख संगणक एकाच कारणाने पडले आहेत हे समजण्यास मदत झाली. परंतु ती फाइल का पडली, हे छायाचित्रात नव्हते. कंपनीने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात ते कारण आले : एकवीस मूल्यांची अपेक्षा असलेल्या ठिकाणी वीसच पुरवली गेली होती आणि एकविसावे शोधताना सॉफ्टवेअर स्वतःच्या हद्दीबाहेर गेले. चौकट कोसळण्याची जागा दाखवते. तेथपर्यंत काय काय घडत आले, हे तिला ठाऊक नसते.

मस्कासाथच्या उदाहरणात ते मागचे पेन्सिलीने खोडलेल्या यादीत होते. दुरुस्तीनंतर निर्मात्याने जी शेवटची तपासणी केली तीही त्याच धर्तीची : सर्व बिले क्रमांकाने लावून एखाद्या बिलाची तारीख आधीच्या बिलापेक्षा मागे जाते का, आणि एखादी आजच्या पुढे जाते का, एवढेच पाहिले. १०५ बिले जागेवर आली होती. एक जास्तीचे मात्र निघाले. बिल क्रमांक १५०९, तारीख ८ डिसेंबर. निरोप पोहोचण्याआधी कोणीतरी तारीख मागे नेऊन पाहिली होती.